रक्तातील दोन खुणा : ल्यूपसच्या देखरेखीत पूरक प्रथिने आणि डीएनए-विरोधी प्रतिपिंडे

ल्यूपस या रोगाचे निदान एकदा पक्के झाले, की वैद्यापुढचा प्रश्न बदलतो. रोग कोणता, हे आता ठाऊक असते. तो आज निद्रिस्त आहे की जागा होऊ लागला आहे, हे प्रत्येक भेटीच्या वेळी ठरवावे लागते. हा रोग बहुधा तरुण स्त्रियांना होतो आणि भरती-ओहोटीप्रमाणे वाढतो व ओसरतो. सांधे दुखू लागले किंवा चेहऱ्यावर चट्टा उमटला, तर रुग्ण स्वतःच ते सांगते. मूत्रपिंडांचे मात्र तसे नसते. त्यांच्यात दाह सुरू झाला तरी प्रारंभी कोठेही दुखत नाही, आणि पायांवर सूज दिसू लागते तोवर बरीच हानी होऊन गेलेली असते. म्हणून रोगाची चाहूल रक्तातूनच घेता येईल काय, असा प्रयत्न गेली सहा-सात दशके चालू आहे. या प्रयत्नातून ज्या दोन खुणा टिकून राहिल्या, त्या म्हणजे दुपेडी डीएनएच्या विरोधात निर्माण होणारी प्रतिपिंडे आणि रक्तातील पूरक प्रथिनांची पातळी.

प्रतिपिंडे ही एरवी बाहेरून आलेल्या जंतूंना अडविण्यासाठी शरीर तयार करते. ल्यूपसमध्ये ती शरीराच्याच घटकांवर उलटतात. पेशींच्या केंद्रकातील डीएनए हा वेणीसारखा दोन पेडांचा रेणू असतो. या दुपेडी डीएनएला चिकटणारी प्रतिपिंडे ल्यूपसच्या रुग्णांच्या रक्तात असतात, हे १९५७ मध्ये निरनिराळ्या देशांतील अनेक संशोधकांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवून दिले. ती केवळ रक्तात तरंगत राहत नाहीत. १९६७ मध्ये कोफलर, शुर आणि कुंकेल यांनी ल्यूपसने ग्रासलेल्या मूत्रपिंडांतून हीच प्रतिपिंडे वेगळी काढली. ती मूत्रपिंडातील केशिकागुच्छांत, म्हणजे जेथे रक्त गाळले जाते त्या सूक्ष्म गाळण्यांत, रुतून बसलेली होती.

तेथे पूरक प्रथिनांचे काम सुरू होते. ही प्रथिने मुख्यतः यकृतात तयार होतात आणि निष्क्रिय स्थितीत रक्तात फिरत असतात. प्रतिपिंड आपल्या लक्ष्याला चिकटले, की पहिले पूरक प्रथिन त्याच्यावर बसते, ते सी४ आणि सी२ यांना फोडते, आणि त्यांच्या तुकड्यांपासून बनलेले साधन पुढे सी३चे रेणू मोठ्या संख्येने फोडू लागते. फुटलेले तुकडे पांढऱ्या पेशींना बोलावतात आणि दाह पेटतो. जंतूंच्या बाबतीत हा दाह उपकारक असतो. येथे तो गाळणीच जाळतो. या क्रियेत सी३ आणि सी४ खर्ची पडतात, म्हणून रक्तातील त्यांचे प्रमाण उतरते. प्रौढांत सी३ साधारणपणे दर डेसिलिटरला ९० ते १८० मिलिग्रॅम आणि सी४ १० ते ४० मिलिग्रॅम असते. प्रयोगशाळेगणिक या मर्यादा थोड्याफार बदलतात.

मात्र येथे एक गोष्ट विसरून चालत नाही. विहिरीतील पाण्याची पातळी पाहून किती पाणी उपसले, हे सांगता येत नाही, कारण झऱ्यातून किती पाणी आले, तेही पाहावे लागते. पूरक प्रथिनांची पातळी अशीच उत्पादन आणि खर्च यांची वजाबाकी असते. पुढे येणाऱ्या बहुतेक फसगतींचे मूळ याच गोष्टीत आहे.

१९६८ मध्ये शुर आणि सँडसन यांनी अनेक रुग्णांची रक्ते वेळोवेळी तपासून असे दाखविले, की रोग, विशेषतः मूत्रपिंडाचा रोग, बळावला असता डीएनए-विरोधी प्रतिपिंडे वाढलेली आणि पूरक प्रथिने उतरलेली आढळतात. प्रत्यक्षात हे कसे दिसते, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. हे उदाहरण कोणा एका व्यक्तीचे नसून अशा रुग्णांच्या नोंदींत आढळणाऱ्या क्रमाला धरून रचलेले आहे.

सत्तावीस वर्षांची एक शिक्षिका. तीन वर्षांपूर्वी तिच्या मूत्रपिंडांना ल्यूपसची बाधा झाली होती. उपचाराने ती शमली. आता ती हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि रोज ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन घेते. जानेवारीत तिचे सी३ ९८, सी४ १६ आणि डीएनए-विरोधी प्रतिपिंडे ४० एकके आहेत. त्या प्रयोगशाळेची मर्यादा ३० आहे. लघवी स्वच्छ आहे. एप्रिलमध्ये सी३ ९०, सी४ ११ आणि प्रतिपिंडे ९५. तिला काहीही त्रास नाही आणि लघवीही स्वच्छच आहे. तिन्ही आकडे सुटे पाहिले, तर सी३ आणि सी४ दोन्ही मर्यादेच्या आतच आहेत. एखादा घाईचा वाचक ‘ठीक’ असे लिहून कागद बाजूला ठेवील. पण तिच्याच जानेवारीच्या आकड्यांशी ताडून पाहिले असता प्रतिपिंडे दुपटीहून अधिक वाढली आहेत आणि सी४ सुमारे एक तृतीयांशाने उतरले आहे. वैद्य औषधाची मात्रा वाढवीत नाही. ती गोळ्या नियमितपणे घेते ना, हे तो विचारतो (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन परस्पर बंद करणे ही नेहमीची गोष्ट आहे) आणि तीन महिन्यांऐवजी चार आठवड्यांनी तिला परत बोलावतो.

मे महिन्यात सी३ ७४, सी४ ७ आणि प्रतिपिंडे १८०. लघवीत प्रथिनांचा माग आणि थोड्या तांबड्या पेशी आढळतात. जूनमध्ये सी३ ५८, सी४ ५. पण प्रतिपिंडे १२०. रुग्ण हा आकडा पाहून समाधान पावते. तेवढ्यात लघवीचा अहवाल येतो : दिवसाला सुमारे दीड ग्रॅम प्रथिन बाहेर पडत आहे, तांबड्या पेशींचे साचे दिसत आहेत, रक्तदाब १४६/९४ आहे.

प्रतिपिंडे कमी झाली असताना रोग वाढला, हे विसंगत वाटते. ते तसे नाही. प्रतिपिंडे आधी वाढत जावीत आणि रोग उफाळण्याच्या सुमारास एकाएकी उतरावीत, हा क्रम हॉलंडमधील संशोधकांनी १९७९ मध्येच नोंदविला होता. रक्तातून नाहीशी झालेली प्रतिपिंडे ऊतींत जाऊन बसलेली असतात, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. शिवाय गाळणी फाटली की काही प्रतिपिंडे लघवीवाटेही निघून जातात. अशा वेळी पूरक प्रथिने खरे काय ते सांगतात : ती चढत असतील, तर प्रतिपिंडांची घट शुभ समजावी, ती उतरतच असतील, तर नव्हे.

या रुग्णाची बायॉप्सी करण्यात येते. दिवसाकाठी अर्ध्या ग्रॅमहून अधिक प्रथिन जात असले, की ती करण्याचा प्रघात आहे. रक्तातील आकडे कितीही बोलके असले, तरी मूत्रपिंडातील विकृतीचा प्रकार ते सांगू शकत नाहीत. बायॉप्सीत केशिकागुच्छांचा व्यापक, पेशी वाढविणारा दाह आढळतो. शिरेतून स्टेरॉइड, त्यानंतर मायकोफिनोलेट, असा उपचार सुरू होतो. डिसेंबरपर्यंत लघवीतील प्रथिन अर्ध्या ग्रॅमखाली येते, सी३ ९२वर चढते, प्रतिपिंडे ६०वर येतात. सी४ मात्र ९वरच अडून राहते. सी४ बहुधा प्रथम उतरते आणि शेवटी चढते. काही व्यक्तींत तर सी४ तयार करणाऱ्या जनुकांच्या प्रतीच जन्मतः कमी असतात. त्यांचे सी४ रोग पूर्ण शांत असतानाही खालीच राहते, आणि ते वर आणण्यासाठी औषध वाढवीत राहणे म्हणजे नसलेल्या शत्रूशी लढणे होय.

याच्या उलट फसगतही होते. न्यूमोनियासारख्या जंतुसंसर्गात यकृत सी३चे उत्पादन वाढवते, गरोदरपणातही पूरक प्रथिने चढतात. म्हणून ल्यूपस असलेल्या गर्भवतीचे सी३ ‘साधारण’ आले, तर ते तिच्या दृष्टीने कमीच असण्याचा संभव असतो. अशा वेळी पूर्वीच्या आकड्यांची साखळीच उपयोगी पडते.

आकड्यांची साखळी तुटण्याचे सर्वांत साधे कारण मात्र रुग्णाच्या शरीरात नसून प्रयोगशाळेत असते. दुपेडी डीएनएविरोधी प्रतिपिंडे मोजण्याच्या पद्धती एकसारख्या नाहीत. फार यांच्या नावाने ओळखली जाणारी किरणोत्सर्गी पद्धती घट्ट चिकटणारी प्रतिपिंडेच प्रामुख्याने टिपते. दुसऱ्या एका पद्धतीत क्रिथिडिया नावाचा एकपेशीय जीव वापरतात. त्याच्या अंगात शुद्ध दुपेडी डीएनएचा एक ठिपका असतो आणि रुग्णाच्या रक्तजलात प्रतिपिंडे असतील तर तो सूक्ष्मदर्शकाखाली चमकतो. ही परीक्षा विश्वसनीय, पण चढउतार बारकाईने मोजण्यास ती अपुरी पडते. आज सर्वत्र रूढ असलेली एलायझा पद्धती सैल चिकटणारी प्रतिपिंडेही मोजते, त्यामुळे तिचा आकडा सहज वाढतो. एका शहरातील १८० आणि दुसऱ्या शहरातील ६० यांची तुलना करणे म्हणजे एका ठिकाणी शेरांत आणि दुसऱ्या ठिकाणी किलोंत केलेले वजन ताडून पाहणे होय. बदली झाली, दवाखाना बदलला, की रुग्णाने जुने कागद जवळ ठेवावेत आणि नव्या प्रयोगशाळेतील पहिला आकडा हा नव्या साखळीचा पहिला दुवा समजावा. पूरकांची एकूण क्रियाशक्ती मोजावयाची असेल, तर आणखी एक पथ्य आहे : नमुना उघड्यावर तासन्‌तास पडून राहिला, तर ती शक्ती आपोआप नष्ट होते आणि निरोगी माणसालाही रोगी ठरविले जाते.

आता सर्वांत कठीण प्रश्न उरतो. ज्यांची प्रतिपिंडे वाढलेली आणि पूरके उतरलेली आहेत, पण प्रकृती उत्तम व लघवी स्वच्छ आहे, त्यांचे काय करावे? १९९५ मध्ये हॉलंडमधील एका प्रयोगात प्रतिपिंडे वाढताच काही रुग्णांना रोज ३० मिलिग्रॅम जादा प्रेडनिसोलोन देऊन नंतर मात्रा हळूहळू उतरविली. त्यांच्यात रोग उफाळण्याचे प्रमाण घटले. तरीही ही रीत रूढ झाली नाही, कारण वाढ झालेल्या प्रत्येकाचा रोग उफाळतोच असे नाही. टोरांटो येथील रुग्णालयात तर रक्त सतत ‘जागे’ आणि शरीर वर्षानुवर्षे शांत असलेले रुग्ण पाहण्यात आले आहेत. त्यांना केवळ आकड्यांसाठी स्टेरॉइड दिले असते, तर हाडे ठिसूळ होणे, मांडीच्या हाडाचा गोळा झिजणे, जंतुसंसर्ग होणे, ही किंमत त्यांनी विनाकारण मोजली असती. दुसऱ्या बाजूला, मूत्रपिंडाचा एक प्रकारचा ल्यूपस, ज्यात गाळणीचा पडदा जाड होतो, पूरके साधारण आणि प्रतिपिंडे नगण्य असतानाही चालू राहू शकतो. तेथे रक्तावर विसंबणारा वैद्य लघवीतील प्रथिनाकडे दुर्लक्ष करील.

म्हणून बहुतेक अनुभवी वैद्य मधला मार्ग धरतात. केवळ आकडे बिघडले, तर औषधाची मात्रा न बदलता ते भेटींमधील अंतर कमी करतात, औषधे नियमितपणे पोटात जात आहेत याची खात्री करून घेतात, चालू असलेले स्टेरॉइड उतरविण्याचा बेत लांबणीवर टाकतात, आणि रुग्णाला घरी रक्तदाब पाहण्यास व लघवीला फेस येऊ लागल्यास त्याच दिवशी येण्यास सांगतात. उदाहरणातील शिक्षिका आता दर महिन्याला येते; तिच्या कागदांवरील पहिला रकाना लघवीतील प्रथिनाचा आहे, दुसरा सी३चा, तिसरा सी४चा आणि चौथा प्रतिपिंडांचा.