वायरमनची रेघ

निजामपुऱ्यातल्या एका लूम कारखान्याचं लिखाणकाम मी करत होतो. ऑफिसच्या भिंतीवर कोण कोणाच्या हाताखाली आहे याचा फ्लेक्स होता. मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि रात्री घरी बसून यादी केली. वायरमनचा चौकोन रातपाळीच्या जॉबरच्या बरोबर खाली दिसत होता, म्हणून मी त्याला त्याच जॉबरखाली लिहिलं. प्रत्यक्षात त्याची रेघ जॉबरच्या बाजूने वर जाऊन थेट मेहताजींना मिळत होती. फोटोत तेवढ्याच जागी फ्लॅशची चकाकी आली होती.

आठवड्याभरात त्या यादीवरून वायरमनने रातपाळीच्या जॉबरकडून सुट्टी घेतली. मेहताजींना पत्ता नाही. दिवसपाळीला दोन मोटरी जळाल्या आणि मागे दुरुस्तीला कुणीच नव्हतं. विणकर ताग्याप्रमाणे पैसे घेतात. माग थांबला की त्यांची मजुरी बुडते. ती चूक माझी होती.

तेव्हापासून मी चौकोनाची जागा बघत नाही, रेघ बघतो. खाली काढलेला माणूस खालच्याच हुद्द्याचा असतो असं नाही. कागदावर जागा उरली नाही की चौकोन खाली सरकतो. आधी फोटोवर चौकोनांना आकडे घालायचे. मग सगळ्यात खालच्यापासून प्रत्येकाला एकच प्रश्न: याची रेघ वर कुठे जाते? ‘वायरमन – मेहताजी’ अशा जोड्या लिहायच्या आणि त्यानंतरच यादी मांडायची.

सगळ्यात वरचा सोडला तर प्रत्येक चौकोनातून वर एकच अखंड रेघ जाते. आमच्याकडे चौकोन नऊ, म्हणजे रेघा आठ हव्यात. फोटोत मला सातच दिसत होत्या. आठवी मी मनाने भरली होती. त्या दिवशी मोजल्या असत्या तर पुन्हा फोटो काढायला गेलो असतो, फ्लॅश बंद करून, समोर उभा राहून.

घडीवाल्यांपासून हिशेबनीसाकडे तुटक रेघ होती. तागे मोजले की आकडा त्याला कळवायचा, एवढाच तिचा अर्थ. म्हणून घडीवाल्यांना दोन ठिकाणी लिहायचं नाही. नावापुढे शेरा पुरतो. तुटक रेघ आठांत मोजायची नाही. पद रिकामं असेल तर ‘रिक्त’ लिहून ठेवायचं, नाहीतर त्याच्या खालची माणसं वाऱ्यावर राहतात.

दुरुस्त यादी अशी झाली:

1 मालक
1.1 हिशेबनीस
1.2 मेहताजी
1.2.1 दिवसपाळीचा जॉबर
1.2.1.1 दिवसपाळीचे विणकर
1.2.2 रातपाळीचा जॉबर
1.2.2.1 रातपाळीचे विणकर
1.2.3 वायरमन
1.2.4 घडीवाले (ताग्यांचा आकडा हिशेबनीसाला)

आकडे मुद्दाम घातले. नुसती जागा सोडून लिहिलेली यादी व्हॉट्सॲपवर पाठवताना ती जागा विस्कटली, की सगळे एकाच पातळीवर दिसू लागतात.

पण मोजणीने रेघ आहे एवढंच कळतं, ती बरोबर माणसाला जोडली की नाही हे कळत नाही. त्यासाठी मी यादी घेऊन मागांपाशी गेलो आणि एकेकाला विचारलं, “भाऊ, तुमची सुट्टी कोण मंजूर करतं?” वायरमन म्हणाला, “मेहताजी. पण तुमच्या कागदात जॉबरचं नाव होतं, म्हणून त्यांना विचारलं.”