गोल विणकामातली शिडी : ती का पडते आणि कशी टाळायची



बाळंतविड्याच्या ऑर्डरी घेणाऱ्या गटांपैकी एका गटाच्या दहा टोप्यांतल्या चार टोप्या दुकानदाराने परत केल्या. माप बरोबर होतं, लोकर चांगली होती, एकही टाका सुटलेला नव्हता. पण टोपी हातात ताणून धरली की तीन ठिकाणी वरपासून खालपर्यंत विरळ उभी रेघ दिसायची. रेघेत आडवे धागे एकावर एक, अगदी शिडीच्या पायऱ्यांसारखे. “ही उसवायला लागलीय का?” असं दुकानदाराने विचारलं. उसवत नव्हती, पण गिऱ्हाईकाला तसंच वाटणार, हे त्याचं म्हणणं खरं होतं. बाळाच्या मोज्यात अशी शिडी असेल तर त्या सैल धाग्यात पायाची इवली बोटं अडकतात, म्हणून हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही.

या अंकात आपण हीच शिडी समजून घेऊ. उदाहरणाला तीच टोपी घेऊ: ७२ टाके, ८ नंबरच्या म्हणजे ४ मिमीच्या दोन्ही टोकांच्या सुया, तीन सुयांवर प्रत्येकी २४ टाके आणि चौथी सुई विणायला.

आधी ओळखा, ही कुठली शिडी

शिडी दिसली की पहिलं काम म्हणजे टाके मोजणं. ७२ च्या जागी ७१ भरले, तर एक टाका सुईवरून निसटून खाली उतरला आहे. शिडीच्या तळाशी एक मोकळं वेटोळं दिसेल. ते क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर ओढत आणायचं आणि परत सुईवर घ्यायचं. बस, ती शिडी गेली.

टाके पूर्ण ७२ आहेत, तळाशी मोकळं वेटोळं नाही, आणि रेघ नेमकी एक सुई संपून दुसरी सुरू होते तिथेच आहे, तर ती सांध्याची शिडी. तीन सुयांवर टाके असतील तर शिड्याही तीन. परत आलेल्या चारही टोप्यांत हेच होतं.

शिडी का पडते

एकाच सुईवरचे दोन टाके शेजारी शेजारी, सरळ रेषेत बसलेले असतात. त्यांच्या मधला धागा जेमतेम पाहिजे तेवढाच असतो. सांध्यावर मात्र शेवटचा टाका एका सुईवर आणि पुढचा पहिला टाका दुसऱ्या सुईवर. तीन सुयांचा त्रिकोण होतो आणि कोपऱ्यावर सुया एकमेकींपासून फाकतात. त्या फटीतून पलीकडे जायला धाग्याला लांबचा रस्ता पडतो, म्हणून तिथे धागा जास्त खर्च होतो. सुया काढल्या की फट मिटते, पण जास्तीचा धागा तिथेच राहतो. प्रत्येक फेरीत त्याच जागी थोडा थोडा साठतो आणि एकावर एक पायऱ्या चढत जातात.

आता तुम्ही म्हणाल, “आम्ही तर पहिला टाका घट्ट ओढतो, तरी शिडी पडतेच!” बरोबर आहे. बहुतेकजणी पहिला टाका विणला की लगेच जोरात ओढतात. पण त्या वेळी तो टाका नव्या सुईवर एकटाच असतो. दुसरा टाका विणायला हात हलवला की सुया पुन्हा फाकतात आणि पहिल्या टाक्यातला धागा परत फटीकडे सरकतो. दुसरा टाका विणून झाला की पहिला टाका जागेवर अडकतो. मग ओढलं तर फटीतला ढिला धागा पुढे येतो आणि मागे जात नाही.

म्हणून लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच: ओढ दुसऱ्या टाक्यानंतर द्यायची.

सांधा कसा विणायचा

१. सुई संपत आली की तिच्यावरचे शेवटचे टाके टोकाकडे सरकवून घ्या. शेवटचा टाका सुईच्या मध्यावर राहिला तर पुढच्या टाक्यापर्यंतचं अंतर आपणच वाढवतो.

२. आता रिकामी सुई घ्या. भरलेल्या सुईचं टोक आणि पुढच्या सुईचं टोक एकमेकांना टेकवून धरा. रिकामी सुई भरलेल्या सुईच्या वरून घालायची की खालून, हे तुमच्या हाताच्या सवयीवर ठरवा. दोन्ही करून बघा. जिथे दोन टाके जास्त जवळ येतात ती तुमची पद्धत.

३. पहिला टाका नेहमीसारखा विणा. दुसरा विणा. आता विणता धागा बोटाने एकदा ओढा. पहिला टाका शेजारच्या टाक्याला टेकलेला दिसला पाहिजे.

४. तिसऱ्या टाक्यापासून हात नेहमीसारखा सैल सोडा.

ओढ किती द्यायची? सांध्यावरचा टाका बाकीच्या टाक्यांएवढाच दिसेल इतकी. जास्त ओढलं तर उलटं होतं. शिडीच्या जागी घट्ट, आत ओढलेली खाच पडते आणि टोपी तिथे आवळते. खाच शिडीपेक्षा वाईट, कारण ढिला धागा नंतर थोडाफार वाटून घेता येतो, पण आवळलेल्या टाक्यात वाटायला धागाच नसतो.

उलट टाक्याची काळजी

टोपीची पट्टी आपण दोन सुलट, दोन उलट अशी घेतो. उलट टाक्याला धागा पुढे आणावा लागतो. सुईचा पहिलाच टाका उलट आला तर धागा सुईच्या टोकाला वळसा घालून येतो आणि रस्ता आणखी लांबतो. म्हणून टाके वाटताना प्रत्येक सुईची सुरुवात सुलट टाक्याने होईल असं बघा. आपल्या टोपीत २४ टाके म्हणजे दोन सुलट, दोन उलट असे सहा गट. प्रत्येक सुई सुलटने सुरू आणि उलटने संपते, म्हणजे आपोआप जमतं. ७० किंवा ७४ टाक्यांची टोपी करणारीला मात्र अडचण येईल, कारण त्या संख्या चारने भागत नाहीत आणि पट्टीचा नमुनाच जुळत नाही.

सांधा एका जागी ठेवूच नका

दुसरा उपाय अगदी वेगळा आहे. शिडी दिसते कारण ढिला धागा रोज एकाच जागी साठतो. सांधाच दर फेरीला पुढे सरकवला तर तो एका जागी साठत नाही.

हे असं करायचं. डावीकडची सुई विणून संपली की थांबू नका. पुढच्या सुईवरचे दोन टाके त्याच सुईने विणून घ्या. मग रिकामी सुई घेऊन पुढे चला. दर सुईला असंच. प्रत्येक सुई पुढचे दोन टाके घेते आणि आपले सुरुवातीचे दोन मागच्या सुईला देते, म्हणून सुयांवर टाके जवळजवळ सारखेच राहतात आणि एकूण ७२ चे ७२ च.

यात दोन गोष्टी सांभाळा. एक, फेरीची सुरुवात आता सुईच्या टोकाला राहत नाही, सुईच्या मध्ये कुठेतरी जाते. म्हणून पहिल्याच फेरीत सुरुवातीच्या टाक्यात वेगळ्या रंगाचा धागा अडकवा. वरच्या बाजूला टाके कमी करायची वेळ आली की या धाग्यापासून मोजा, सुईपासून नाही. दोन, पट्टी विणताना दोन नाही, चार टाके सरकवा. दोन सरकवले तर पुढची सुई उलट टाक्याने सुरू होईल.

माथ्यावर टाके कमी करताना सांधे सरकवणं बंद करा, नाहीतर हिशोब चुकतो. तिथे दुसऱ्या टाक्याची ओढच वापरा.

सुया आणि लोकर

गुळगुळीत स्टीलची सुई जड आणि घसरडी असते. हात सोडला की खाली लोंबते आणि फट ओढून मोठी करते. बांबूच्या सुया हलक्या असतात आणि टाके धरून ठेवतात, म्हणून शिकणारीला त्या सोप्या जातात.

पाच सुयांचा संच मिळाला तर उत्तम. चार सुयांवर १८–१८ टाके ठेवा आणि पाचवीने विणा. त्रिकोणाऐवजी चौकोन होतो, कोपरा कमी तीव्र वळतो आणि धाग्यावरचा ताण कमी होतो. पण सांधे तीनाऐवजी चार होतात, म्हणून ओढ द्यायची सवय सोडता येत नाही.

अस्सल लोकर धुऊन वाळवली की टाके बरेचसे आपापल्या जागी बसतात आणि बारीक शिडी झाकली जाते. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारं अॅक्रिलिक तसं करत नाही. त्यात पडलेली शिडी धुऊनही राहते. बाळंतविड्यात आपण अॅक्रिलिक वापरतो, म्हणून पहिल्या फेरीपासूनच जपायला हवं.

विणून झालेल्या टोपीचं काय

सगळं उसवायची गरज नाही. शिडी फार रुंद नसेल तर बारीक क्रोशाच्या सुईने एक पायरी उचला, तिचा ढिला धागा शेजारच्या टाक्यात थोडा ओढा, त्याच्यातला त्याच्या शेजारच्यात. असं दोन्ही बाजूंना तीन-चार टाक्यांपर्यंत वाटत जा. एका फेरीनंतर दुसरी. वेळ लागतो, पण परत आलेल्या चार टोप्यांपैकी तीन अशाच सुधारल्या. चौथीची शिडी इतकी रुंद होती की शेजारचे टाकेही मोठे दिसायला लागले. ती उसवावीच लागली.

हे एकदा स्वतः करून बघा

उरलेल्या लोकरीवर ३६ टाके घ्या, तीन सुयांवर १२–१२. पंधरा फेऱ्या सुलट विणा. पहिल्या सांध्यावर काहीच करू नका. दुसऱ्या सांध्यावर पहिला टाका विणला की ओढा. तिसऱ्या सांध्यावर टोकं जवळ धरा आणि दुसऱ्या टाक्यानंतर ओढा. कुठला सांधा कुठला हे कळायला प्रत्येकाच्या खाली वेगळ्या रंगाची दोरी बांधा. मग टाके एका धाग्यावर उतरवा, तुकडा थोडा ताणा आणि खिडकीच्या उजेडासमोर धरा. कुठून जास्त उजेड येतो ते बघा.

तो तुकडा फेकू नका. पुढच्या गट बैठकीला घेऊन या. सगळ्यांचे तुकडे शेजारी ठेवले की कुणाचा हात सैल, कुणाचा घट्ट, हे लगेच दिसेल. पुढची ऑर्डर वाटून घेताना त्यावरून एक ठरवता येईल: एका बाळाचे दोन्ही मोजे एकाच बाईने विणायचे.