पुस्तकाच्या क्रमांकाचा शेवटचा अंक कसा तपासावा

पुस्तकाच्या मलपृष्ठावर बारकोडपाशी तेरा अंकी आयएसबीएन छापलेला असतो. त्यातला तेरावा अंक पुस्तकाबद्दल काहीही सांगत नाही. आधीचे बारा अंक नीट उतरले आहेत की नाहीत, एवढे पाहण्यासाठीच तो जोडलेला असतो. त्याला तपास अंक म्हणू. ग्रंथालयाची दाखल नोंदवही भरताना किंवा प्रकाशकाकडे मागणी पाठवताना हा अंक कागद-पेन्सिलीने मिनिटभरात पडताळता येतो.

उदाहरणासाठी एक क्रमांक रचून घेतला आहे (दुकानात शोधू नये): ९७८८१४६०३८१५६.

१. मधल्या आडव्या रेघा सोडून अंक सलग लिहावेत आणि मोजावेत. ते तेराच भरले पाहिजेत. सुरुवात ९७८ किंवा ९७९ अशी असते. ९७८ नंतर ८१ किंवा ९३ आले तर पुस्तकाचा क्रमांक भारतातून दिलेला आहे.

२. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे विषम जागांवरचे अंक अकराव्यापर्यंत मिळवावेत: ९ + ८ + १ + ६ + ३ + १ = २८.

३. दुसऱ्यापासून बाराव्यापर्यंत सम जागांवरचे अंक मिळवून बेरजेला तीनने गुणावे: ७ + ८ + ४ + ० + ८ + ५ = ३२, आणि ३२ × ३ = ९६.

४. दोन्ही मिळवावे: २८ + ९६ = १२४. पुढच्या पूर्ण दशकाला, म्हणजे १३० ला, जेवढे कमी पडतात तोच तपास अंक. इथे ६. बेरीज आधीच शून्यावर संपली तर तपास अंक ०. तिथे १० लिहायचे नाहीत.

छापील क्रमांक फक्त पडताळायचा असेल तर शेवटचा अंकही बेरजेत धरावा. १२४ + ६ = १३०, शेवटी शून्य, क्रमांक मान्य.

सवय झाली की मोठ्या बेरजा करायची गरज उरत नाही. दशके टाकून फक्त एककाचा अंक धरावा: २८ चे ८, ९६ चे ६, दोन्ही मिळून १४ चे ४, दहाला कमी पडले ६. दहाने भागून उरणाऱ्या बाकीचे गणित ते हेच.

आता चूक करून पाहू. क्रमांक मराठी अंकांत लिहिला आणि संगणकावर इंग्रजी अंकांत टाइप केला, तर देवनागरी १ चा 9 होणे आणि ४ चा 8 होणे या नेहमीच्या चुका. अकराव्या जागेवरचा १ चुकून ९ झाला तर बेरीज आठने वाढून १३८ होते. सहाव्या जागेवरचा ४ चुकून ८ झाला तर फरक चारचा, पण त्या जागेचा गुणक तीन असल्याने बेरीज बाराने वाढते: १४२. दोन्ही वेळा शेवटी शून्य नाही, चूक पकडली गेली.

एकच अंक चुकला तर ही पद्धत तो नेहमीच पकडते, आणि त्याचे कारण तीनच्या पाढ्यात आहे. ० ते ९ यांना तीनने गुणून एककाचे अंक लिहा: ०, ३, ६, ९, २, ५, ८, १, ४, ७. दहाही अंक एकदाच येतात. म्हणजे सम जागेवर कोणताही अंक बदलून दुसरा आला तरी बेरजेचा एकक बदलतोच. विषम जागांचा गुणक एक, तिथे तर प्रश्नच नाही. तीनऐवजी दोन घेतला असता तर ०, २, ४, ६, ८ आणि पुन्हा ०, २, ४, ६, ८ आले असते. मग १ चा ६ झाला तरी बाकी तीच राहिली असती. दोन आणि दहा यांना दोनने भाग जातो, तीन आणि दहा यांना एकाशिवाय सामाईक विभाजक नाही, एवढाच फरक.

बँकेच्या कार्डांच्या क्रमांकात मात्र गुणक दोनच असतो. तिथे दुप्पट दोन अंकी आली तर तिचे अंक मिळवतात: ५ चे १०, त्याचे १; ६ चे १२, त्याचे ३. त्यामुळे ०, २, ४, ६, ८ यांच्यापुढे १, ३, ५, ७, ९ येतात आणि पुनरावृत्ती टळते. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांची ही युक्ती मला तीनच्या गुणकाहून जास्त चतुर वाटते.

आयएसबीएनमध्ये तीनच्या पाढ्याच्या वरच्या गुणधर्मामुळे पुसट झालेला एक अंक परत मिळवता येतो, मात्र तो कोणत्या जागेवरचा हे ठाऊक हवे. समजा सहावा अंक वाचता येत नाही. बाकीच्यांची बेरीज तपास अंकासह ११८ येते. शून्यावर संपायला एककात २ हवेत. तीनच्या पाढ्यात २ वर संपणारी संख्या १२, म्हणून हरवलेला अंक ४. दुसरे उत्तर संभवत नाही.

पद्धत चुकते ती शेजारच्या अंकांची अदलाबदल झाल्यावर. आपण मराठीत ‘अडतीस’ म्हणताना आठ आधी उच्चारतो, त्यामुळे तोंडी सांगितलेला क्रमांक उतरवताना ३८ चे ८३ होणे सोपे. आपल्या क्रमांकात नवव्या-दहाव्या जागी ३८ आहे. उलटल्यावर नववी जागा ५ ने वाढते, दहावी ५ × ३ म्हणजे १५ ने घटते. बेरीज १२० होते आणि चुकीचा क्रमांक बिनबोभाट मान्य होतो. दोन अंकांत पाचाचा फरक असला की असेच घडते. वेगवेगळ्या अंकांच्या एकूण ४५ जोड्यांपैकी अशा पाच: ०-५, १-६, २-७, ३-८, ४-९.

३१ डिसेंबर २००६ पर्यंत चाललेल्या दहा अंकी आयएसबीएनला ही खोट नव्हती. तिथे डावीकडून १०, ९, ८ असे उतरते गुणक लावून बेरजेला ११ ने भाग जातो का ते पाहत. अकरा मूळ संख्या असल्याने शेजारची कोणतीही अदलाबदल पकडली जाई. आपल्याच पुस्तकाचा जुना क्रमांक ८१४६०३८१५८ झाला असता. त्याची बेरीज २३१, म्हणजे ११ × २१. त्यात ३८ उलटले की २३६ येतात, बाकी ५. तोटा एवढाच की बाकीच्या हिशेबात कधी तपास अंक १० येई आणि त्या जागी रोमन X छापावा लागे. व्यापारी बारकोडशी जुळवून घेण्यासाठी तेरा अंक आणि दहाचा भाजक आला.

जुन्या पुस्तकाचा क्रमांक नव्या यादीत घालताना नुसते ९७८ पुढे लावू नये. जुना शेवटचा अंक काढून टाकावा, ९७८ लावावे आणि वरच्या कृतीने नवा तपास अंक काढावा. आपल्या उदाहरणात जुना ८ तसाच ठेवला तर बेरीज १३२ येते आणि क्रमांक अमान्य ठरतो.

यादी कोणी वाचून दाखवली आणि दुसऱ्याने लिहिली असेल, तर बेरीज शून्यावर संपली तरी ०५, १६, २७, ३८, ४९ आणि त्यांच्या उलट्या जोड्या जिथे शेजारी आल्या असतील ते क्रमांक प्रत्यक्ष पुस्तकाशी ताडून घ्यावेत.