वाचनसारांशासोबतचे पत्र : एका नमुन्याचा अभ्यास

विद्यार्थी मित्रहो, प्रकल्पकार्याच्या पहिल्या टप्प्यात आपण निवडलेल्या विषयावर आधी झालेले लेखन वाचता, त्याचा सारांश तयार करता आणि तो मार्गदर्शक प्राध्यापकांकडे पाठवता. सारांश कसा लिहावा याचा विचार आपण मागील घटकात केला. प्रस्तुत घटकात त्या सारांशासोबत जाणाऱ्या पत्राचा विचार करावयाचा आहे. कार्यालयीन व्यवहारात ज्याला ‘कव्हरिंग लेटर’ म्हणतात तेच हे पत्र. त्याला जोडलेला कागद म्हणजे ‘सहपत्र’. अनेक विद्यार्थी पत्रालाच सहपत्र म्हणतात, तो घोटाळा टाळावा.

बहुतेक पत्रे दोन ओळींची असतात : ‘सोबत सारांश जोडला आहे. कृपया पाहून मार्गदर्शन करावे, ही विनंती.’ या मजकुरात व्याकरणाची चूक नाही आणि नम्रताही पुरेशी आहे. उणीव वेगळीच आहे. हे पत्र वाचून मार्गदर्शकांना सारांशाविषयी काहीही कळत नाही. सारांशात लेखकांची मते असतात. ती मते विद्यार्थ्याच्या हाती कोणत्या वाटेने आली, हे सारांशाच्या पानांवरून दिसत नाही. ते सांगण्याची जागा म्हणजे हे पत्र.

पुढील पत्र या घटकासाठी रचलेले आहे. त्यातील लेखांची संख्या व क्रमांक कल्पित आहेत. त्यात उल्लेखिलेले भाषासर्वेक्षण मात्र प्रत्यक्षातले आहे. पत्र लिहिणारी विद्यार्थिनी देऊळगाव राजा तालुक्यातील असून तिचा विषय ‘बुलढाणा जिल्ह्याच्या बोलीतील चतुर्थीचे प्रत्यय’ हा आहे, असे समजू.

देऊळगाव राजा
दि. १८ ऑगस्ट

प्रति,
मा. मार्गदर्शक, प्रकल्पकार्य (मराठी)

विषय : प्रकल्पासाठी वाचलेल्या लेखनाचा सारांश पाठवण्याबाबत.

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

प्रकल्पासाठी मी जून ते ऑगस्ट या काळात पाहिलेल्या आठ लेखनांचा सारांश (पृष्ठे सात) सोबत जोडला आहे.

क्रमांक १ म्हणजे ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड (१९०५). हा खंड मी पूर्ण वाचलेला नाही. प्रास्ताविक व वऱ्हाडीविषयीचे विवेचन एवढेच वाचले आहे. क्रमांक २ ते ७ हे लेख मुळातून पूर्ण वाचले. क्रमांक ८ चा लेख मला मिळाला नाही. त्यातील मत क्रमांक ५ च्या लेखात उद्धृत केले आहे, तेथून घेतले आहे व सारांशात तशी नोंद केली आहे.

क्रमांक २ ते ५ या चारही लेखांत ‘बुलढाणा जिल्ह्यात चतुर्थीचा प्रत्यय -ले आहे’ असे म्हटले आहे. या विधानासाठी चारही लेखक क्रमांक १ चाच आधार देतात. स्वतः नमुने गोळा केल्याचे कोणी सांगत नाही. क्रमांक ६ व ७ च्या लेखकांनी स्वतः नमुने घेतले आहेत, परंतु ते अनुक्रमे खामगाव व शेगाव येथील, म्हणजे दोन्ही घाटाखालचे आहेत. त्यामुळे घाटावरच्या तालुक्यांविषयी प्रत्यक्ष ऐकून केलेली नोंद मला या वाचनात आढळली नाही.

आमच्या घरी ‘मला भूक लागली’ असे म्हणतात. मलकापूरला मावशीकडे ‘मले भूक लागली’ असे ऐकते. हे दोन घरांचे ऐकणे आहे, म्हणून सारांशात घेतलेले नाही.

प्रकल्पाचे क्षेत्र संपूर्ण जिल्हा न ठेवता घाटावरच्या दोन गावांपुरते ठेवावे का, याविषयी आपले मत हवे आहे. ते कळल्यावर प्रश्नावली तयार करीन.

आपली विद्यार्थिनी,
(स्वाक्षरी, नाव, नोंदणी क्रमांक)

सोबत : वाचनसारांश, पृष्ठे ७.

पत्र एका पानाचे आहे. त्यातील सर्वांत मोलाचा परिच्छेद तिसरा, म्हणून त्याच्याकडे प्रथम वळू.

पाच ठिकाणी एकच विधान आढळले की आपल्याला ते सिद्ध झाल्यासारखे वाटते. ‘अनेक अभ्यासकांच्या मते’ ही शब्दावली मग सहज लेखणीतून उतरते. परंतु चार अभ्यासकांनी पाचव्याचेच वाक्य पुढे नेले असेल, तर साक्षीदार पाच नसून एकच आहे. न्यायालयात चार जण ‘आम्हाला अमक्याने सांगितले’ असे म्हणाले, तर त्या चौघांची स्वतंत्र साक्ष धरली जात नाही. वाचनातही तसेच. या विद्यार्थिनीने प्रत्येक लेखात -ले विषयीच्या विधानाखालची टीप पाहिली, ती टीप कोठे जाते ते नोंदवले आणि चार वाटा एकाच दाराशी थांबतात हे ओळखले. हे करण्यासाठी भाषाविज्ञानाचे मोठे ज्ञान लागत नाही. वहीत प्रत्येक लेखापुढे ‘आधार काय?’ असा एक रकाना ओढावा लागतो. सारांशात चार लेखांचे चार स्वतंत्र परिच्छेद असल्याने हे नाते तेथे झाकले जाते. पत्रात ते दोन वाक्यांत उघड होते.

आता ती एक साक्ष किती भक्कम आहे, हेही पाहिले पाहिजे. ग्रियर्सन यांच्या सर्वेक्षणासाठी नमुने मुख्यतः स्थानिक अधिकाऱ्यांमार्फत मागवले गेले. तुलना करता यावी म्हणून ठिकठिकाणच्या बोलींत एकाच कथेचे भाषांतर करून घेतले गेले. ती कथा बायबलमधील उधळ्या पुत्राची. चतुर्थीच्या अभ्यासकाला ही कथा सोयीची आहे. एका माणसाला दोन मुलगे होते, या आशयानेच ती सुरू होते आणि मराठीत हा आशय मांडताना चतुर्थी टाळणे कठीण असते. म्हणजे -ला की -ले, याचे उत्तर पहिल्याच वाक्यात मिळू शकते. त्या मर्यादेत ही साक्ष उपयोगाची आहे.

मात्र याच कथेत बोलणारी पात्रे बाप, दोन मुलगे आणि एक चाकर एवढीच आहेत. एकही स्त्री बोलत नाही. ‘मी जाते’, ‘मी आले’ यांसारखी, स्त्रीने स्वतःविषयी वापरावयाची क्रियारूपे अशा भाषांतरात येण्याचा प्रसंगच नाही. शिवाय भाषांतर हे बोलणे नव्हे. समोर ठेवलेले वाक्य आपल्या बोलीत उतरवणारा माणूस मूळ वाक्याच्या रचनेकडे नकळत झुकतो. तेव्हा या विद्यार्थिनीचा विषय चतुर्थीऐवजी स्त्रियांच्या बोलण्यातील क्रियारूपे हा असता, तर हाच खंड तिला फारसा उपयोगी पडला नसता. कोणते साहित्य ‘चांगले’ हे असे प्रश्नावर अवलंबून असते.

दुसऱ्या परिच्छेदातील कबुली विद्यार्थ्यांना जड जाते असा माझा अनुभव आहे. पूर्ण खंड वाचला नाही, आठवा लेख मिळाला नाही, हे लिहिताना कमीपणा वाटतो. मग सारांशात ‘ग्रियर्सन (१९०५) यांच्या मते’ असे लिहून मोकळे होण्याचा मोह होतो, प्रत्यक्षात वाचलेला असतो तो ग्रियर्सनविषयी दुसऱ्या कोणी लिहिलेला परिच्छेद. हे लपत नाही. दुसऱ्याच्या लेखातील चुकलेला पृष्ठक्रमांक तसाच उतरतो. त्याने दिलेले एकुलते उदाहरण तेवढेच येते. मुद्रणदोषही सोबत येतो. सातव्या खंडाबाबत आणखी एक खूण सांगता येईल. सर्वेक्षणाचे संपादक ग्रियर्सन असले, तरी मराठीच्या या खंडाची सामग्री सिद्ध करण्याचे काम स्टेन कोनो या नॉर्वेजियन विद्वानाचे आहे. ज्याने प्रास्ताविक उघडले त्याला हे नाव भेटते. ज्याने उघडलेच नाही त्याच्या लेखनात कोनो बहुधा येत नाहीत. वाचलेली पाने आणि न वाचलेली पाने पत्रातच सांगितली, तर मार्गदर्शक कोणते पान प्रथम पाहायला सांगायचे ते ठरवू शकतात. ‘क्रमांक ८ मिळाला नाही’ या वाक्याला तर बहुधा ‘माझ्याकडे आहे, घेऊन जा’ असे उत्तर येते.

चौथा परिच्छेद लहान आहे, पण तो पत्रात आहे आणि सारांशात नाही, याकडे लक्ष द्यावे. सारांश हा लेखकांच्या मतांचा असतो. त्यात आपले घर आणि मावशीचे घर घुसले, तर पुढे चार महिन्यांनी अहवाल लिहिताना कोणते वाक्य छापील लेखातले आणि कोणते आपल्या कानावरचे, हे स्वतःलाच आठवत नाही. दुसरीकडे, हे ऐकणे अजिबात न सांगणे हाही तोटाच ठरला असता, कारण प्रश्न तेथूनच निर्माण झाला आहे. बुलढाणा जिल्ह्याचा भूगोल माहीत असलेल्याला त्याचे महत्त्व लगेच कळेल. अजिंठ्याच्या रांगांमुळे जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग लोकव्यवहारात सर्रास केले जातात. मलकापूर, नांदुरा, शेगाव हे घाटाखाली. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे घाटावर. मलकापूरची सीमा खानदेशाला लागते, तर देऊळगाव राजाचा बाजार-व्यवहार जालन्याशी. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यासाठी एकच प्रत्यय सांगणारे विधान म्हणूनच तपासण्याजोगे आहे. तपासाअंती ते खरेही ठरू शकते. विद्यार्थिनीने ते खोटे म्हटलेले नाही, एवढा संयम तिने राखला आहे.

शेवटच्या परिच्छेदात प्रश्न एकच आहे आणि त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे देता येते. ‘योग्य मार्गदर्शन करावे’ या विनंतीला मार्गदर्शक काय उत्तर देणार? या पत्राला मात्र पुढीलप्रमाणे उत्तर देणे शक्य होते : क्षेत्र मर्यादित ठेवा, परंतु दोन्ही गावे घाटावरची नकोत, एक घाटावरचे, एक घाटाखालचे घ्या, म्हणजे तुलना होईल. आणि प्रश्नावलीपूर्वी डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने केलेले मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण पाहा. ते संकेतस्थळावर खुले आहे. त्यात भाषकांना चित्रफिती दाखवून, त्या पाहून ते काय बोलतात याचे ध्वनिमुद्रण केले गेले. भाषांतराचा दोष टाळण्याची ही एक रीत आहे आणि आपल्या प्रकल्पात लहान प्रमाणावर ती वापरता येईल.

पत्राच्या बाह्यांगाविषयी थोडेच सांगावयाचे आहे. ‘सोबत’ या शब्दापुढे पृष्ठसंख्या अवश्य लिहावी. टपालात किंवा ई-मेलमध्ये एखादे पान राहिले तर तेवढ्यावरून कळते. पत्रातील क्रमांक आणि सारांशातील क्रमांक एकच असावेत. सारांशात नंतर एखादा लेख मध्येच घातला, की पत्रातला ‘क्रमांक ५’ भलत्याच लेखाकडे बोट दाखवू लागतो, म्हणून पत्र सर्वांत शेवटी लिहावे. नव्या लेखाला शेवटचा क्रमांक देणे त्याहून सोपे.

सरावासाठी : आपल्या प्रकल्पासाठी वाचलेल्यांपैकी कोणतेही तीन लेख घ्या. तिन्हींत समान असलेले एक विधान निवडून प्रत्येक लेखक त्यासाठी कोणता आधार देतो ते लिहा. आधार दिलाच नसेल तर तसे नोंदवा. मग या नोंदीवरून आपल्या पत्राचा तिसरा परिच्छेद चार ते सहा वाक्यांत लिहून संपर्कसत्राला येताना सोबत आणा.