शेवटचा ‘य’ गिळू नकोस

अगं, काल तू जप करत होतीस ना, तेव्हा मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मंत्र म्हणतेस तू मनापासून, पण तोंडातून निघतं ते ‘ओम नमहा शिवाय्’. आपल्या मराठी जिभेला शब्दातला शेवटचा ‘अ’ खायची सवयच आहे. ‘राम’ लिहितो आणि ‘राम्’ म्हणतो. संस्कृतात मात्र तो ‘अ’ पुरता उच्चारायचा असतो.

आता बोटांवर मोज. ॐ सोडून न, म, शि, वा, य अशी पाच अक्षरं, म्हणून तर याला पंचाक्षरी म्हणतात. तू विसर्गाचं ‘हा’ करून एक अक्षर वाढवतेस आणि ‘य’ अर्धा करून एक घालवतेस. बेरीज पुन्हा पाचच येते! म्हणून कानाला काही चुकल्यासारखं वाटतच नाही.

विसर्ग म्हणजे ‘म’नंतर सुटलेला नुसता हलका उच्छ्वास. त्याला ‘हा’ इतकं लांबवायचं नाही. शिवाय पुढे ‘श’ आहे, त्यामुळे विसर्गाचा ‘श्’ करून ‘नमश्शिवाय’ म्हटलेलंही व्याकरणाला चालतं. मला तर तेच सोपं वाटतं, कारण ‘हा’ करताना भसकन जाणारा श्वास वाचतो. ‘शि’ ऱ्हस्व ठेव, ‘वा’ला दुप्पट वेळ दे आणि ‘य’वर तोंड उघडं राहू दे.

तो ‘य’ तुटतो त्यात बोटांचाही हात आहे. तू ‘वा’ म्हणतानाच मणी ओढतेस, आणि बोट पुढे गेलं की जीभही पुढच्या ॐकडे धावते. ‘य’ पुरा झाला की मगच मणी सरकव. मधल्या बोटावर माळ, अंगठ्याने मणी आपल्याकडे, तर्जनी लांब.

आणि श्वासाचं म्हणशील तर, दर मण्याला छाती भरून श्वास घेतेस म्हणूनच तुला अर्ध्या माळेत गरगरतं आणि ओठांना मुंग्या येतात. एवढ्या भराभर खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यापेक्षा एका उच्छ्वासात तीन मणी घे. एक मंत्र साधारण दोन सेकंदांचा, म्हणजे सहा सेकंद श्वास सोडायचा. मग तोंड मिटून नाकाने चार सेकंद आत घ्यायचा. दहा सेकंदांना तीन मणी, म्हणजे 108 मण्यांना 36 श्वास आणि सहा मिनिटं. मिनिटाला सहा श्वास ही गती जपात इतरांनाही सापडली आहे. ‘ॐ मणि पद्मे हूँ’ म्हणणाऱ्यांचा श्वास याच गतीवर येतो, असं 2001 साली इटलीतल्या संशोधकांनी मोजून दाखवलं होतं.

तिसऱ्या मंत्राला ‘वाय’ घशात दाबला जायला लागला, की श्वास पुरत नाहीये असं समज आणि दोनच मण्यांवर ये. 54 श्वास होतील, होऊ देत. ‘नमः’ आणि ‘शिवाय’च्या मध्ये मात्र श्वास घेऊ नकोस. मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची, आणि ती फिरवता फिरवता एक साधा श्वास मंत्राविना जाऊ द्यायचा.