मोठ्या फलकावरील व्यक्तिचित्र : बिंदू किती हवेत?

हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या स्मरणार्थ कलबुर्गी व बीदर जिल्ह्यांत दरवर्षी १७ सप्टेंबर रोजी समारंभ होतात. अशा प्रसंगी स्वामी रामानंद तीर्थ यांचे चित्र असलेला फलक करावयाचा झाल्यास जुने, लहान छायाचित्रच हाती असते. ते मोठे करता येईल काय, हा प्रश्न मग उपस्थित होतो. मुद्रणालयात सामान्यतः दर इंचास ३०० बिंदूंची मागणी केली जाते; परंतु हा नियम हातात धरून वाचावयाच्या पुस्तकाचा आहे, फलकाचा नव्हे.

याचे कारण डोळ्याच्या मर्यादेत आहे. निरोगी डोळ्यास अंतराच्या सुमारे ३४४० व्या भागाहून बारीक तपशील वेगळा दिसत नाही. म्हणून ३४४० या संख्येस इंचांतील अंतराने भागावे. येणारा भागाकार म्हणजे दर इंचास पुरेसे बिंदू होत. १२ इंचांवरून पाहताना हा आकडा २८७ येतो. ३०० चा नियम याच्याशी जुळतो. २० फुटांवरून, म्हणजे २४० इंचांवरून, तो अवघा १४ उरतो.

समजा, कापडी फलकावर चित्र ३ फूट रुंद व ४ फूट उंच घ्यावयाचे आहे. प्रेक्षक २० फुटांवर बसणार असले, तरी काही जण ६ फुटांपर्यंत जवळ येतील. हिशेब या जवळच्या अंतरावरूनच करावा. ७२ इंचांनी भागिले असता सुमारे ४८ बिंदू येतात. चित्र ३६ इंच रुंद व ४८ इंच उंच असल्याने १७२८ गुणिले २३०४ बिंदू लागतात. मूळ छायाचित्र ३ इंच रुंद व ४ इंच उंच असेल, तर ६०० च्या मापाने स्कॅन केल्यास १८०० गुणिले २४०० बिंदू मिळतात. एवढे पुरेसे आहे.

येथे दोन चुका संभवतात. संगणकावर आकडा ३०० केला की चित्र सुधारले, असा समज होतो. वस्तुतः नवे बिंदू शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरले जातात, तपशील वाढत नाही. दुसरे, पुस्तकात छापलेल्या चित्रावरून प्रत घेतल्यास छपाईचे ठिपकेही मोठे होऊन चेहऱ्यावर जाळी उमटते. म्हणून मूळ छायाचित्रच मिळवावे. ते भ्रमणध्वनीवरून मागविताना साध्या चित्रसंदेशाने न घेता फाइल म्हणून घ्यावे. अन्यथा वाटेत बिंदू घटतात.

अखेरचा निर्णय डोळ्यांनी करावा. फलकावरील प्रत्यक्ष आकारात डोळे व नाक येतील एवढाच भाग साध्या ए-४ कागदावर छापून भिंतीस लावावा व ६ फुटांवरून पाहावा. पापण्यांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसल्यास चित्राचा आकार कमी करावा. मात्र मूळ छायाचित्रच अस्पष्ट असेल, तर बिंदू कितीही वाढविले तरी चेहरा स्पष्ट होणार नाही.