तरंगलेलं बी आणि गटाचे गुण

बेटा, नववीच्या वर्गाला विज्ञानाचा प्रकल्प गटात द्यायचा आणि गुण रुब्रिक लावून द्यायचे, असं तू परवा म्हणालास. तयार तक्ता कुठे मिळतो, असंही विचारलंस. तयार तक्ते ढीगभर मिळतात. पण ते कुठल्याही प्रकल्पाला लागू पडतात, म्हणून आपल्या कोंढ्याच्या वर्गात उपयोगाला येत नाहीत. आधी प्रकल्प ठरव, मग तक्ता. मी आयुष्यभर उलटं केलं आणि फसलो.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका गटाच्या पाचही मुलांना मी दहापैकी सातच गुण दिले. वही एकीनेच लिहिली होती. बाकीच्यांपैकी एक तर प्रयोगाच्या टेबलाजवळ फिरकलाही नव्हता. ती मुलगी काही बोलली नाही. पुढच्या प्रकल्पात मात्र तिने हात आखडता घेतला. २०१० साली आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा वाटलं, आता सुधारेल. झालं काय, तर आम्ही नोंदींच्या पुस्तिका आणल्या आणि 'गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो' हेच वाक्य चाळीस जणांपुढे उतरवलं.

तर प्रकल्प घे आपल्या पवनी तालुक्यातल्या घराघरात चालेल असा : धानाचं बी मिठाच्या पाण्यात टाकून निवडलं, तर उगवण खरंच वाढते का? दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ हे प्रमाण कास्तकाराला ठाऊक असतं. वर्गासाठी एक लिटर पाणी आणि तीस ग्रॅम मीठ पुरे. बी टाकून ढवळायचं. पोचट आणि हलकं वर येतं ते काढून घ्यायचं, बुडालेलं दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. बी घरच्या कोठीतलंच हवं. बाजारातलं रंगीत बी औषध चोळलेलं असतं, ते मुलांच्या हातात देऊ नको. आणि कापणीनंतर लगेच हा प्रयोग लावू नको. नवं धान काही आठवडे सुप्त असतं, चांगलं बीही उगवत नाही, आणि मुलं भलताच निष्कर्ष काढतात. शाळा उघडल्याबरोबर, रोवणीचा जोर चढायच्या आत लाव.

पाच जणांचा गट. बियांचे तीन प्रकार : बुडालेलं, तरंगलेलं आणि न निवडलेलं. प्रत्येकाचे शंभर दाणे, पंचवीस-पंचवीसच्या चार ताटल्यांत, ओल्या कापडावर. दहा दिवस रोज संध्याकाळी मोजायचं.

आता तक्ता. वीस गुणांचा कर : बारा गटाचे, आठ एकेकट्याचे. गटाच्या ओळी तीनच ठेव, आखणी, नोंद आणि निष्कर्ष. प्रत्येकीला चार पायऱ्या, एकपासून चारपर्यंत. पाच केल्यास की हात आपोआप मधल्या तीनवर जातो, मी स्वतःला पकडलंय.

पायरीची वाक्यं लिहिताना 'उत्कृष्ट', 'चांगले', 'बरे' हे शब्द तोंडातही आणू नको. ते गुणाचंच दुसरं नाव आहे, त्यातून मुलाला काही कळत नाही. वहीत बोट ठेवून दाखवता येईल तेवढंच लिही. आखणीची चौथी पायरी अशी : 'तिन्ही प्रकारांचं बी एकाच कोठीतलं, न निवडलेलं बीही तितक्याच वेळा पाण्यात धुऊन वाळवलेलं, तसं का केलं हे लिहिलेलं.' तिसरी : 'धुतलेलं, पण कारण लिहिलेलं नाही.' दुसरी : 'बी एकाच कोठीतलं, पण एकच प्रकार धुतलेला.' पहिली : 'तुलनेला दुसरा प्रकारच नाही.' ही ओळ वाचून मुलालाच कळतं की फरक मिठाच्या निवडीने पडला की धुण्याने, हा प्रश्न आपल्याला विचारला जाणार आहे. म्हणून तक्ता पहिल्याच दिवशी भिंतीवर लाव. शेवटी काढलास तर तो नुसता निकालपत्राचा कागद होतो.

नोंदीच्या ओळीत एक खोच ठेव. मुलं आकडे बनवतात; आपणही बनवले होते. ओळखायचं कसं? उगवलेल्या दाण्यांची एकूण बेरीज कधी कमी होत नाही. पाचव्या दिवशी बासष्ट आणि सहाव्या दिवशी अठ्ठावन्न असेल, तर मोजण्यात चूक आहे किंवा मोजलंच नाही. सगळे आकडे शून्यावर किंवा पाचवर संपत असतील, दहा दिवसांची शाई आणि अक्षर एकच असेल, तर वही एका रात्रीत भरलेली. पण यावर नुसतं पकडून भागत नाही, खरं लिहिण्याला तक्त्यात जागा द्यावी लागते. चौथी पायरी अशी लिही : 'रोजच्या आकड्यापुढे दिनांक आणि मोजणाऱ्याचं नाव, चुकलेला आकडा एका रेघेने खोडलेला, खालचा वाचता येतो, बिघडलेली ताटली बिघडली असं लिहिलेलं.' रविवारी ताटली वाळली किंवा बुरशी आली हे लिहिणाऱ्याला गुण जास्त मिळतात हे कळलं, की आकडे बनवण्याची गरज कमी होते.

निष्कर्षाची ओळ सगळ्यात अवघड. समज, एका गटाचे आकडे असे आले. बुडालेल्या बियांच्या चार ताटल्यांत २३, २०, २२, २१ उगवले, म्हणजे ८६. न निवडलेल्यांत २१, २२, १९, २०, म्हणजे ८२. तरंगलेल्यांत ९, ६, ११, ८, म्हणजे ३४. गटाने लिहिलं, 'मिठाच्या पाण्याने उगवण वाढते.' किती गुण देशील?

मी एकदा असा कागद गणिताच्या सरांकडे दिला आणि मीही वेगळा तपासला. त्यांनी चार दिले, मी दोन. माझ्या तक्त्यात लिहिलं होतं 'योग्य निष्कर्ष काढला.' दोष आमच्यापैकी कुणाचा नव्हता, त्या वाक्याचा होता. नीट बघ : एकाच प्रकारच्या चार ताटल्यांत वीस ते तेवीस असा फरक आहे, आणि दुसऱ्या प्रकारच्या ताटल्यांत एकोणीस ते बावीस. दोन्ही एकमेकांत शिरतात. ८६ आणि ८२ यांच्यातला चाराचा फरक केवळ ताटल्यांच्या चढउताराचाही असू शकतो. तरंगलेलं बी वाईट, एवढं मात्र ठाम म्हणता येतं.

मग चौथ्या पायरीचं वाक्य असं झालं : 'निष्कर्षात स्वतःच्या तक्त्यातले आकडे दिलेले, चार ताटल्यांतला आपसातला फरक बघून मग दोन प्रकारांतला फरक सांगितलेला, काय सांगता येत नाही हेही लिहिलेलं.' एखाद्या गटाने आणखी पुढचा प्रश्न विचारला तर त्याची पाठ थोपट. कोठीतून वेगळ्या मोजून घेतलेल्या तीनशे दाण्यांपैकी तरंगले किती? एकवीस, म्हणजे शेकडा सात. शंभरातले ते सात काढून टाकले तर उगवण कितीशी वाढणार? ९३ दाण्यांचे ८६ टक्के म्हणजे ८०, आणि सात दाण्यांपैकी दोन. बेरीज ८२. आकडा जुळला! बी मुळातच चांगलं असेल तर मीठ फार काही करत नाही. बी पोचट असेल तर करतं. बियाण्यासाठी धानाची उगवण किमान ८० टक्के हवी असा प्रमाणीकरणाचा नियम आहे, त्यात ही दोन्ही बियाणी बसतात. 'मिठाने फरक दिसला नाही' असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या गटालाही पूर्ण गुण मिळाले पाहिजेत, हे तक्त्यात कोरून ठेव. गुण उत्तराला नाहीत, उत्तरापर्यंतच्या वाटेला आहेत.

तक्ता असा पक्का होतो : पाच वह्या घे, दुसऱ्या शिक्षकाने आणि तू वेगवेगळ्या तपासा. ज्या ओळीत एकापेक्षा जास्त पायऱ्यांचा फरक पडेल ती ओळ पुन्हा लिही. वह्या नसतील तर पहिल्या वर्षी दोन खोट्या वह्या तूच लिहून बघ, एक चांगली आणि एक ढिली.

आता एकेकट्याचे आठ. चार तोंडी परीक्षेचे, चार कामाच्या वाट्याचे. तोंडी तीन मिनिटांची, आणि प्रश्न त्याने केलेल्या कामावर नाही, दुसऱ्याने केलेल्यावर. पाणी घालणाऱ्याला विचार, बुडालेलं बी का धुतलं? आकडे लिहिणाऱ्याला विचार, ताटल्या चार का?

कामाच्या वाट्यासाठी मुलांकडून चिठ्ठी घ्यायची रीत आहे : प्रत्येकाने स्वतःला सोडून बाकी चौघांत वीस गुण वाटायचे. सगळे सारखे असतील तर प्रत्येकाच्या पदरात वीस पडतात. काही ठिकाणी हा आकडा वीसने भागून गटाच्या गुणांना गुणतात. तू गुणू नको. समज, चिठ्ठ्यांत आले २८, २२, २०, १८ आणि १२. गटाला आखणीत तीन, नोंदीत चार, निष्कर्षात दोन, म्हणजे बारापैकी नऊ मिळालेत. गुणाकार केलास तर पहिल्याचे १२.६ होतात, बारापेक्षाही जास्त, आणि शेवटच्याचे ५.४. बारावाला मुलगा वाईट, असं हिशेब म्हणतो.

पण वही उघड. दोन रविवारी संध्याकाळी नोंद कुणाची? त्याचीच. तो शाळेच्या मागे राहतो; ताटल्या ओल्या त्यानेच ठेवल्या, कुणी पाहिलं नाही. अठ्ठावीसवाल्याने तक्ता रंगवला आणि वर्गापुढे छान बोलला, पण बी का धुतलं हे तोंडी परीक्षेत त्याला सांगता आलं नाही. रविवारवाल्याला तोंडीत तीन, वाट्यात चार, एकूण सोळा. दुसऱ्याला दोन आणि तीन, चौदा.

म्हणून चिठ्ठीचा उपयोग गुण देण्यासाठी नाही, कुठे जाऊन विचारायचं हे कळण्यासाठी आहे. पंधराच्या खाली किंवा पंचवीसच्या वर कुणाचा आकडा गेला, तर त्याची वही आणि तो, दोघांशी बोल. चिठ्ठ्या वर्गात वाचू नको. गावात मुलं एकाच आळीची असतात, नात्यातली असतात, रुसवाफुगवा घरी जातो.

हजेरीला वाट्याच्या ओळीत घेऊ नको. रोवणीच्या दिवसांत पोरं बांधीत असतात, आणि मजुरीवर घर चालतं तिथे त्यांना दोष देऊन उपयोग नाही. ओळ अशी लिही : 'ठरलेल्या कामांपैकी किमान तीन कामं केलेली, वहीत नावाने दिसतात, गैरहजर असताना काम कुणाकडे सोपवलं ते लिहिलेलं.' कामंही आळीपाळीने दे, नाहीतर अक्षर सुंदर म्हणून मुलींच्याच गळ्यात वही पडते आणि मीठ तोलायला मुलगेच पुढे.

तक्त्याच्या मागच्या बाजूला यंदा कोणती ओळ अडली ते तारखेसह लिहून ठेव. आणि मीठ विकत आण, पोषण आहाराच्या डब्यातून घेऊ नको. स्वयंपाकीणबाई एक ग्रॅमचाही हिशेब मागतात.